झेंडूचा खरा केशरी कोणता?

दादरच्या फुलबाजारात भल्या सकाळी काढलेला झेंडूच्या राशींचा एक फोटो घ्या. फोटोशॉपमध्ये उघडला की झेंडू झेंडूसारखा दिसतो. तोच फोटो त्याच मॉनिटरवर, फोटो बघण्यापुरत्या एखाद्या साध्या प्रोग्रॅममध्ये उघडला की फुलं पेटल्यासारखी भडक होतात आणि मागे उभ्या असलेल्या फुलवाल्याचा चेहरा ऊन लागल्यासारखा लालसर दिसतो. दोन्ही खिडक्या शेजारी-शेजारी ठेवल्या तरी फरक तसाच राहतो. फाइल एक, मॉनिटर एक, बघणारे डोळेही तेच.

फोटोच्या धंद्यातल्या माणसांना हा अनुभव नवा नाही, आणि त्यावरचे दोन निष्कर्षही ठरलेले आहेत. कोणी म्हणतं मॉनिटर बिघडला, कोणी म्हणतं फोटोशॉप रंग मारतं. दोन्ही चूक. खरं कारण असं, की या दोनपैकी एक प्रोग्रॅम फाइलमधले आकडे मॉनिटरकडे पाठवण्याआधी बदलतो आणि दुसरा जसेच्या तसे पाठवतो. ऐकणाऱ्याला वाटतं, जो आकडे बदलत नाही तोच प्रामाणिक. रंगांच्या बाबतीत नेमकं उलट आहे.

फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतो, आकडे असतात. प्रत्येक ठिपक्यासाठी तीन: लाल किती, हिरवा किती, निळा किती. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या मधला असतो. आपल्या फोटोतल्या झेंडूच्या एका पाकळीचे आकडे २५५, १४०, ० आहेत असं धरू. म्हणजे लाल पूर्ण, हिरवा निम्म्याहून थोडा जास्त, निळा अजिबात नाही. आता प्रश्न असा, की ‘लाल पूर्ण’ म्हणजे नेमका कोणता लाल? आजीच्या वहीत ‘दोन वाट्या रवा’ लिहिलेलं असतं तेव्हा ती वाटी आजीच्या घरातली असते. आपल्या घरातली वाटी मोठी असेल तर शिरा बिघडतो. आकडा बरोबर असतो, माप वेगळं असतं. मॉनिटरचंही तसंच आहे. प्रत्येक मॉनिटरचा स्वतःचा लाल, हिरवा आणि निळा असतो, आणि २५५ म्हणजे ‘माझा जेवढा आहे तेवढा पूर्ण लाल’ एवढंच त्याला कळतं.

मग इतकी वर्षं हा प्रश्न का पडला नाही? कारण मापं जवळपास सारखी होती. १९९६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी त्या काळच्या काचेच्या नळीच्या मॉनिटरांचा सरासरी स्वभाव पाहून एक सामायिक माप सुचवलं. त्याचं नाव एसआरजीबी. १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्यामागचा विचार साधा आणि त्या वेळी शहाणपणाचा होता: बहुतेक मॉनिटर असेच आहेत, तर फोटोही याच मापात लिहू, म्हणजे मधे कोणाला काही करायलाच नको. आकडे सरळ मॉनिटरकडे सोडा, रंग बराचसा बरोबर येईल. फोटो दाखवणारे असंख्य प्रोग्रॅम याच भरवशावर लिहिले गेले आणि त्यातले काही आजही तसेच वागतात.

नंतर मॉनिटर बदलले. आज दुकानात ‘वाइड गॅमट’ म्हणून जे मॉनिटर आणि लॅपटॉप विकले जातात, त्यांचा लाल आणि हिरवा एसआरजीबीच्या लाल-हिरव्यापेक्षा बराच गडद आणि शुद्ध असतो. गॅमट म्हणजे त्या पडद्याला दाखवता येणाऱ्या रंगांचा आवाका. यातलं डिस्प्ले पी३ हे माप सध्या फोनपासून लॅपटॉपपर्यंत सगळीकडे दिसतं. २०१६ च्या आयफोन ७ पासून आयफोनचे फोटोही याच मापात लिहिले जातात. आपला मॉनिटर डिस्प्ले पी३ शी तंतोतंत जुळणारा आहे असं समजू, म्हणजे हिशेब स्पष्ट दिसेल.

कॅमेऱ्याने झेंडूची पाकळी एसआरजीबीच्या मापात लिहिली: २५५, १४०, ०. आकडे सरळ सोडणारा प्रोग्रॅम मॉनिटरला हेच सांगतो. मॉनिटर स्वतःचा पूर्ण लाल लावतो, आणि तो एसआरजीबीच्या लालपेक्षा जास्त गडद असल्यामुळे कॅमेऱ्याने कधीच न सांगितलेला भडक केशरी पडद्यावर येतो. फोटोशॉप मात्र आधी विचारतं, की हे आकडे कोणत्या मापातले आहेत आणि हा मॉनिटर कोणत्या मापाचा आहे. मग तोच केशरी या मॉनिटरवर दिसावा म्हणून किती पाठवायचं ते काढतं. उत्तर येतं साधारण २४०, १४६, ५३. लाल थोडा कमी केला, आणि फाइलमध्ये शून्य असलेला निळा ५३ पर्यंत आणला, कारण या मॉनिटरचा गडद लाल तेवढा मवाळ केल्याशिवाय एसआरजीबीचा केशरी मिळतच नाही. फुलवाल्याच्या गालावरचे आकडे २००, १४०, ११० असतील तर ते १९१, १४३, ११५ होतात. फरक लहान दिसतो, पण माणसाच्या कातडीच्या रंगाबाबत आपली नजर फार काटेकोर असते. नऊ आकड्यांनी वाढलेला लाल चेहऱ्यावर लगेच जाणवतो.

हिशेब करायचा तर दोन्ही बाजूंची मापं कुठेतरी लिहून ठेवलेली हवीत. तेच काम प्रोफाइल करतं. अ‍ॅडोबी, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट अशा आठ कंपन्यांनी १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय रंग संघ, म्हणजे आयसीसी स्थापन केला आणि प्रोफाइल कसं लिहायचं याची पद्धत ठरवली. प्रोफाइल ही एक छोटी फाइल असते. फोटोच्या पोटात बसवलेलं प्रोफाइल सांगतं, की माझे आकडे अमुक मापातले आहेत. मॉनिटरचं प्रोफाइल कॉम्प्युटरमध्ये वेगळं ठेवलेलं असतं आणि ते सांगतं, की मला अमुक आकडे दिले की मी अमुक रंग दाखवतो. हा ‘अमुक रंग’ कोणत्याच यंत्राच्या भाषेत लिहून चालणार नाही, म्हणून तो माणसाच्या नजरेच्या भाषेत लिहितात. १९२० च्या दशकात राइट आणि गिल्ड या दोघा इंग्रज संशोधकांनी स्वतंत्रपणे प्रयोग केले. माणसांना रंगीत प्रकाश दाखवायचा आणि तीन मूळ दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करून तो जुळवायला सांगायचा. त्या नोंदींवरून १९३१ मध्ये सरासरी माणसाच्या नजरेचं कोष्टक तयार झालं. फोटोचे आकडे आधी या नजरेच्या मापात नेले जातात आणि तिथून मॉनिटरच्या मापात उतरवले जातात. कलर मॅनेजमेंट म्हणतात ते इतकंच.

इथे एक गैरसमज खर्चात पाडतो. मॉनिटरवर ठेवून रंग मोजणारं उपकरण विकत घेऊन माणूस मॉनिटर कॅलिब्रेट करतो आणि तरीही दोन प्रोग्रॅममधला फरक जात नाही. मग तो उपकरणालाच दोष देतो. खरं तर अशा वेळी दोन वेगळी कामं झालेली असतात. पहिलं काम म्हणजे पांढऱ्याची छटा, उजेड आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा चढ ठाकठीक करणं. ही दुरुस्ती मॉनिटरच्या बटणांनी किंवा ग्राफिक्स कार्डात बसते, त्यामुळे ती सगळ्या प्रोग्रॅमना सारखीच लागू होते. दुसरं काम म्हणजे त्यानंतर मॉनिटर कसा वागतो ते मोजून प्रोफाइल लिहिणं. हे प्रोफाइल मॉनिटरला बदलत नाही. जो प्रोग्रॅम ते वाचतो त्यालाच त्याचा उपयोग. म्हणून कॅलिब्रेशननंतर राखाडी सगळीकडे नितळ होतो आणि झेंडू मात्र दोन खिडक्यांत दोन रंगांचाच राहतो. उपकरणाने त्याचं काम चोख केलेलं असतं.

राखाडीचा हा मुद्दा निदानासाठी फार उपयोगी आहे. एसआरजीबी आणि डिस्प्ले पी३ यांचा पांढरा एकच आहे आणि उजेडाचा चढही एकच. त्यामुळे १२८, १२८, १२८ हा राखाडी हिशेबानंतरही १२८, १२८, १२८ च राहतो. फोटोतला सिमेंटचा ओटा किंवा ढगाळ आभाळ दोन्ही खिडक्यांत सारखं दिसतंय आणि फक्त भडक रंग वेगळे आहेत, तर समजा की एक प्रोग्रॅम प्रोफाइलकडे दुर्लक्ष करतोय. खऱ्या मॉनिटरच्या प्रोफाइलमध्ये चढ थोडा वेगळा असू शकतो, म्हणून राखाडीत किंचित फरक पडेल. पण राखाडीवर ठळक पिवळी किंवा हिरवी झाक दिसली तर गोष्ट निराळी आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

याच गोष्टीचा उलटा प्रकारही तितकाच होतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्या अनेकांच्या कॅमेऱ्यात अ‍ॅडोबी आरजीबी हे १९९८ चं मोठं माप निवडलेलं असतं. ओळखायची खूण सोपी आहे: अशा फोटोंच्या फाइलचं नाव अंडरस्कोरने सुरू होतं, `_DSC` किंवा `_MG_` असं. मोठ्या मापात तोच रंग लिहायला लहान आकडा लागतो. एसआरजीबीत २५५, ०, ० असलेला लाल अ‍ॅडोबी आरजीबीत २१९, ०, ० असा लिहिला जातो. साध्या मॉनिटरवर आकडे सरळ सोडणारा प्रोग्रॅम २१९ वाचतो, २१९ च दाखवतो, आणि नवरीच्या कपाळावरचं कुंकू, शालूचा लाल, हिरवा चुडा, सगळं धुतल्यासारखं फिकं पडतं. फोटोग्राफरच्या पडद्यावर ठसठशीत असलेला फोटो नवरीच्या घरी मळकट दिसतो तो बऱ्याचदा यामुळे. त्यातही एक फसवी जोडी आहे. अ‍ॅडोबी आरजीबीचा फोटो, अ‍ॅडोबी आरजीबीच्या आवाक्याचा मॉनिटर आणि आकडे सरळ सोडणारा प्रोग्रॅम हे तिन्ही एकत्र आले तर फोटो बरोबर दिसतो. दोन चुका एकमेकींना खोडतात. त्या जोरावर त्या प्रोग्रॅमवर विश्वास बसला, की पुढचा एसआरजीबी फोटो हमखास दगा देतो.

तेव्हा एखादा प्रोग्रॅम भरवशाचा आहे की नाही, हे घरीच तपासून घ्यावं. तपास दोन टप्प्यांत करावा लागतो, कारण काही प्रोग्रॅम अर्धंच काम करतात. ते फोटोचं प्रोफाइल वाचतात, पण मॉनिटरचं वाचत नाहीत. मॉनिटर एसआरजीबीच असणार असं धरून मोकळे होतात.

पहिला टप्पा फोटोच्या प्रोफाइलचा. फोटोशॉपमध्ये फोटोची एक प्रत उघडा आणि Edit मेनूतल्या Convert to Profile मधून ती ProPhoto RGB या अवाढव्य मापात बदला. सेव्ह करताना ICC Profile वर खूण असू द्या. Convert हा पर्याय आकडे बदलतो आणि रंग जपतो. त्याच मेनूतला Assign Profile आकडे तसेच ठेवून त्यांचं माप बदलतो, म्हणजे रंग बदलतो. या दोघांत गल्लत झाली तर चाचणीच फुकट जाते, आणि रोजच्या कामात फोटोही बिघडतात. आता मूळ फोटो आणि ही प्रत तपासायच्या प्रोग्रॅममध्ये शेजारी उघडा. दोन्ही सारखे दिसले तर तो फोटोचं प्रोफाइल वाचतो. प्रत मळकट, काळपट आणि रंग उडालेली दिसली तर वाचत नाही.

दुसरा टप्पा मॉनिटरच्या प्रोफाइलचा. विंडोजमध्ये शोधाच्या चौकटीत `colorcpl` टाइप केलं की Color Management ही खिडकी उघडते. तिथे आपल्या मॉनिटरला कोणतं प्रोफाइल जोडलंय ते दिसतं, आणि Use my settings for this device वर खूण केली की ते बदलता येतं. मूळ प्रोफाइलचं नाव आधी लिहून ठेवा. मग थोड्या वेळापुरतं मुद्दाम दुसरंच प्रोफाइल, समजा हेच ProPhoto RGB, मॉनिटरचं म्हणून नेमा, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा आणि फोटो बघा. रंग ठळकपणे बदलले तर प्रोग्रॅम मॉनिटरचं प्रोफाइल वाचतो. काहीच बदललं नाही तर तो ते बघतच नाही, आणि वाइड गॅमट मॉनिटरवर त्याचा झेंडू कायम भडकच राहणार. तपासून झालं की मूळ प्रोफाइल परत लावायचं.

वेब ब्राउझरमध्ये आणखी एक गुंता आहे: प्रोफाइल नसलेले फोटो. बऱ्याच वेबसाइट फोटो लहान करताना त्याच्या पोटातलं प्रोफाइल काढून टाकतात. क्रोम अशा फोटोला एसआरजीबी समजून मॉनिटरच्या मापात आणतो, आणि ते योग्य आहे. फायरफॉक्स मात्र स्वतःहून फक्त प्रोफाइल असलेल्या फोटोंचा हिशेब करतो, बाकीचे आकडे सरळ सोडतो. म्हणून एकाच पानावरचा एक फोटो बरोबर आणि दुसरा भडक असं होऊ शकतं. पत्त्याच्या पट्टीत `about:config` टाइप करून `gfx.color_management.mode` ची किंमत २ ऐवजी १ केली आणि फायरफॉक्स पुन्हा सुरू केला की हा भेद जातो. क्रोममध्ये `chrome://flags` खाली Force color profile ही सोय आहे. ती sRGB वर ठेवा असा सल्ला सर्रास दिला जातो. वाइड गॅमट मॉनिटरवर तो सल्ला मानू नये: मॉनिटर एसआरजीबी आहे असं क्रोमला जबरदस्तीने पटवलं जातं आणि झेंडू पुन्हा पेटतो. फरक जातो खरा, पण सगळ्या खिडक्या सारख्याच चुकीच्या होतात.

आता पिवळ्या झाकेकडे. हिशेब करणारा प्रोग्रॅम मॉनिटरच्या प्रोफाइलवर पूर्ण विश्वास ठेवतो. प्रोफाइलच खोटं असेल तर हाच प्रोग्रॅम चुकतो आणि सरळ आकडे सोडणारा बरोबर ठरतो. मॉनिटरच्या ड्रायव्हरसोबत आलेलं सदोष प्रोफाइल विंडोजमध्ये बसलं, की विंडोजच्या जुन्या फोटो व्ह्यूअरमध्ये पांढरा कागद पिवळट दिसायचा. हा त्रास अनेकांना झाला आहे. उपाय `colorcpl` मध्येच असतो. ते प्रोफाइल काढून साध्या मॉनिटरला sRGB IEC61966-2.1 लावलं आणि पिवळेपणा गेला, तर दोष प्रोफाइलचाच होता. मोजून बनवलेलं प्रोफाइलही कायमचं खरं नसतं. मॉनिटरच्या मेनूतून उजेडाचा किंवा रंगाचा मोड बदलला की जुनं प्रोफाइल आता नसलेल्या मॉनिटरचं वर्णन करत राहतं.

ज्यांना या भानगडीत पडायचं नाही, त्यांच्यासाठी बहुतेक वाइड गॅमट मॉनिटरांच्या मेनूत sRGB नावाचा मोड असतो. तो लावला की मॉनिटर स्वतःच आपला आवाका आवरतो आणि आकडे सरळ सोडणारे प्रोग्रॅमही बरेचसे बरोबर दाखवतात. मात्र त्याबरोबर `colorcpl` मध्ये प्रोफाइलही एसआरजीबीचंच लावायला हवं. नाहीतर मॉनिटरने एकदा आवरलेला रंग फोटोशॉप पुन्हा आवरतं आणि तिथला झेंडू मरगळतो. बऱ्याच मॉनिटरांवर या मोडमध्ये उजेड कमी-जास्त करता येत नाही, ही त्याची अडचण. आणि पैसे मोजून घेतलेला जादा आवाका वापरात येत नाही तो नाहीच. मॅकवर हे रूपांतर बहुतांशी सिस्टिमच करते, कारण ॲपलने कलरसिंक हे तंत्र १९९३ पासून सिस्टिममध्येच ठेवलं आहे. म्हणून तिथे दोन खिडक्यांत असा फरक क्वचित दिसतो. विंडोज ११ मध्येही सिस्टिमनेच रंग सांभाळण्याची सोय आली आहे, पण ती सगळ्याच मॉनिटरांवर आणि ग्राफिक्स कार्डांवर मिळत नाही.

दुसऱ्याला फोटो पाठवायचा असेल तर समोर कोणता प्रोग्रॅम आहे हे आपल्या हातात नसतं. तेव्हा कामाची मूळ फाइल हव्या त्या मोठ्या मापात ठेवावी, पण पाठवायची प्रत Convert to Profile ने एसआरजीबीत आणावी आणि प्रोफाइल पोटात बसवूनच सेव्ह करावी. हिशेब करणारा प्रोग्रॅम ती बरोबर दाखवेल. न करणाराही साध्या मॉनिटरवर जवळपास बरोबर दाखवेल. वाइड गॅमट मॉनिटरवर आकडे सरळ सोडणारा प्रोग्रॅम मात्र तीही भडकच दाखवणार, आणि त्यावर फोटो पाठवणाऱ्याच्या बाजूने काही इलाज नाही. तो प्रोग्रॅम बदलायला सांगणं एवढंच करता येतं.